कोलेस्टेरॉल मेम्ब्रेन घट्ट करतं की सैल? आधी तापमान विचारा

सिंगर आणि निकोल्सन यांच्या १९७२ च्या फ्लुइड मोझाइक मॉडेलवर एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. ‘कोलेस्टेरॉल प्रवाहिता कमी करतं’ एवढंच उत्तर अर्धवट आहे.

डीपीपीसी हे लिपिड घ्या. त्याच्या दोन्ही मेदाम्ल-साखळ्या १६ कार्बनच्या, संपृक्त आणि सरळ असतात. त्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून ४१ अंश सेल्सिअसपर्यंत थर जेलसारखा घट्ट राहतो. आता पीओपीसी पाहा. त्यातल्या एका साखळीत नवव्या-दहाव्या कार्बनमध्ये सिस दुहेरी बंध आहे. तिथे साखळी वाकते, शेजारणीला नीट चिकटता येत नाही, आणि वितळण्याचं तापमान थेट उणे २ च्या आसपास येतं. बंध ट्रान्स असेल तर साखळी बरीचशी सरळच राहते. ‘असंपृक्त म्हणजे प्रवाही’ असं सरसकट लिहू नका.

कोलेस्टेरॉलचा हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या बाजूला असतो आणि ताठ वलयं साखळ्यांच्या वरच्या भागाला टेकतात. ४१ अंशांच्या खाली ती साखळ्यांची घट्ट रचना मोडतात, तर वर गेल्यावर त्याच साखळ्यांची वळवळ रोखतात.

हे प्रयोगात पाहायचं तर डीपीएच हा चमकणारा रेणू वापरून २५ ते ५५ अंशांपर्यंत अ‍ॅनायसोट्रॉपी मोजा. आकडा जितका मोठा, तितकी साखळ्यांची हालचाल कमी. नुसत्या डीपीपीसीचा आलेख ४१ ला कड्यासारखा कोसळतो. ३० मोल टक्के कोलेस्टेरॉल घातलं की तो उतार होतो: थंडीत पहिल्या रेषेच्या खाली, उष्णतेत तिच्या वर.

नवख्यांचं गणित बहुधा टक्केवारीत चुकतं. एकूण १ मायक्रोमोल लिपिडसाठी ०.७ मायक्रोमोल डीपीपीसी (रेणुभार ७३४) म्हणजे ०.५१४ मिलिग्रॅम आणि ०.३ मायक्रोमोल कोलेस्टेरॉल (३८७) म्हणजे ०.११६ मिलिग्रॅम लागतं. वजनाने ७०:३० घेतलंत तर कोलेस्टेरॉल ४५ मोल टक्क्यांवर जातं, उतार जवळजवळ सपाट होतो आणि दोष उगाच उपकरणाला दिला जातो.

दुसरी चूक पाणी घालताना होते. सुकवलेल्या थरात खोलीच्या तापमानाचं बफर ओतलं तर जेल अवस्थेतलं लिपिड नीट सुटत नाही, गुठळ्या राहतात. बफर आणि नळी दोन्ही ५५ अंशांवर ठेवून हलवा. ३०० ते ५०० लिपिड रेणूंमागे डीपीएचचा एक रेणू पुरतो. नमुना अंधारात ठेवा. द्रावण दुधाळ असेल तर विखुरलेला प्रकाश मोजमाप बिघडवतो, म्हणून ते पातळ करा आणि डीपीएच न घातलेल्या नमुन्याचं वाचन वजा करा.

डीपीएच साखळ्यांची शिस्त सांगतो. लिपिड थरात आडवं किती वेगाने सरकतं, हे त्यातून थेट कळत नाही. त्यासाठी ब्लीचिंगनंतर चमक परत येण्याचा वेग मोजणारी फ्रॅप ही वेगळी पद्धत लागते.