जिमच्या दारात बिचकणाऱ्या नवख्यांसाठी जाहिरात रील : संहिता कशी लिहावी

जिमच्या सदस्यत्वाची बहुतेक रील ज्यांना व्यायामाची सवय आहे, त्यांनाच पटतील अशी लिहिलेली असतात. घामाने निथळणारे दंड, लोखंडी प्लेट आदळल्याचा आवाज, धडधडते संगीत आणि शेवटी ‘आता कारणे पुरेत’ असे बजावणारे वाक्य, हा साचा आता सर्वांना पाठ झाला आहे. ज्याला जिमची भीती वाटते, त्याला नेमक्या याच गोष्टींची भीती वाटत असते. त्यामुळे अशा माणसासाठी संहिता लिहिताना उत्साह वाढवण्याचा विचार बाजूला ठेवावा आणि त्याच्या मनातील अनिश्चितता कमी करण्याकडे लक्ष द्यावे. दार उघडल्यापासून पहिला तास संपेपर्यंत आपल्याबाबतीत काय काय होणार आहे, हे त्याला आधीच दिसले, तर तो येण्याची शक्यता वाढते.

पुढे एक कल्पित उदाहरण घेतले आहे. नाशिकच्या एखाद्या उपनगरातील मध्यम आकाराची जिम, महिन्याचे शुल्क 1200 रुपये, सकाळी आणि संध्याकाळी गर्दी, दुपारी शुकशुकाट. मालकाला चाळिशीच्या पुढचे आणि कधीच जिममध्ये न गेलेले सदस्य हवे आहेत.

भीती नेमकी कशाची, ते आधी लिहून काढावे

संहितेला हात घालण्यापूर्वी स्वागतकक्षात बसणाऱ्या व्यक्तीशी अर्धा तास बोलावे. नवीन माणूस फोनवर किंवा दारात उभा राहून कोणते प्रश्न विचारतो, हे तिला मालकापेक्षा अधिक ठाऊक असते. ‘मला भीती वाटते’ असे कोणी म्हणत नाही. लोक विचारतात : कपडे कोणते घालायचे, वजन सर्वांसमोर करतात का, बायका कोणत्या वेळी येतात, गुडघा दुखत असेल तर चालेल का, वर्षाचे पैसे एकदम भरावे लागतात का. मशीन कशी चालवायची ते आपल्याला माहीत नाही, ही सर्वांत मोठी अडचण मात्र बहुतेक जण बोलून दाखवत नाहीत, कारण ती कबूल करणेच त्यांना लाजिरवाणे वाटते. म्हणून ती आपण होऊन यादीत घालावी.

या यादीतून एका रीलसाठी चार-पाच गोष्टी निवडाव्यात आणि बाकीच्या पुढच्या रीलसाठी ठेवाव्यात. सगळे एकाच वेळी सांगायला गेले, की निवेदन धावते आणि बिचकलेला माणूस अधिकच गांगरतो.

मोह होणारे एक वाक्य येथेच खोडून टाकावे : ‘इथे तुमच्याकडे कोणीही बघत नाही.’ हे वाक्य चांगल्या हेतूने लिहिले जाते, पण त्याने बघण्याचीच आठवण होते, आणि ते ऐकणारा त्या क्षणी जिममध्ये फिरणाऱ्या कॅमेऱ्यातूनच सर्व पाहत असतो. ‘लाज सोडा’ हेही तसेच. ज्याला लाज वाटते, त्याला ती सोडायला सांगणे म्हणजे दोष त्याच्याकडे ढकलणे होय.

लांबी आणि शब्दसंख्या

मराठी निवेदन निवांतपणे वाचले, तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. पंचेचाळीस ते पन्नास सेकंदांच्या रीलसाठी म्हणजे नव्वद ते शंभर शब्द पुरतात. मसुदा झाला की घड्याळ लावून तो मोठ्याने वाचावा. श्वास घ्यायला जागा उरत नसेल, तर वेग न वाढवता एक वाक्य काढून टाकावे. निवेदन घाईचे झाले, की आवाजात विक्रेत्याचा सूर येतो, आणि नवखा माणूस तो लगेच ओळखतो.

निवेदन शक्यतो त्याच व्यक्तीच्या आवाजात असावे, जी पहिल्या दिवशी प्रत्यक्ष भेटणार आहे. व्यावसायिक निवेदकाचा आवाज अधिक घोटीव असेल, पण ओळखीचा चेहरा दारात दिसण्याचा जो आधार असतो, तो त्यातून मिळत नाही. लेख औपचारिक भाषेत असला, तरी संहिता मात्र बोलीतच लिहावी.

प्रत्यक्ष संहिता

आपल्या उदाहरणातील जिमसाठी निवेदन पुढीलप्रमाणे होऊ शकते. कंसात त्या वेळी दिसणारे दृश्य दिले आहे.

(काचेच्या दारावर हात, दार उघडते.) ‘आत गेल्यावर आधी कुठं जायचं, हेच कळत नाही ना?’

(डावीकडच्या टेबलामागून ट्रेनर उठून समोर येते.) ‘मी इथली ट्रेनर. दारातून आलात की या टेबलाशी मीच भेटेन.’

(बंद दाराची छोटी खोली, टेबलावर कोरे कार्ड.) ‘नाव विचारते, आणि जुनं काही दुखणं आहे का, तेवढंच. वजन सगळ्यांसमोर करत नाही. नको असेल तर करतच नाही.’

(ट्रेडमिलवरील लाल बटणावर बोट.) ‘मग दहा मिनिटं साधं चालणं. हे बटण दाबलं की पट्टा थांबतो, ते सुरू करण्याआधीच दाखवते.’

(मशीनच्या सीटची पिन ओढून ती खाली घेतली जाते, कार्डावर आकडा लिहिला जातो.) ‘त्यानंतर तीनच मशीन. सीट कितीवर लावायची, ते कार्डावर लिहून देते.’

(घरातल्या साध्या कपड्यांतील एक प्रौढ सदस्य बुटाची नाडी बांधतो.) ‘कपडे रोजचेच चालतील, फक्त बूट स्वच्छ आणा.’

(दुपारची मोकळी खोली, पंखा फिरतो आहे.) ‘दुपारी बारा ते चार गर्दी नसते. एका महिन्याचे बाराशे रुपये.’

(पडद्यावर जिमचा व्हॉट्सॲप क्रमांक.) ‘काही विचारायचं असेल तर या नंबरवर “पहिला दिवस” एवढंच लिहून पाठवा.’

या संहितेत जिमची स्तुती करणारे एकही विशेषण नाही, हे मुद्दाम केलेले आहे. ‘अत्याधुनिक’, ‘प्रशस्त’, ‘कुटुंबासारखे वातावरण’ असे शब्द कोणत्याही जिमला लावता येतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यांतून काहीच कळत नाही. याउलट सीटचा आकडा कार्डावर लिहून मिळणार, ही गोष्ट छोटी असली तरी दुसऱ्या दिवशी कोणालाही न विचारता मशीनवर बसता येईल, असा अर्थ त्यातून आपोआप निघतो. संपूर्ण रीलमध्ये सर्वांत जास्त काम करणारे वाक्य माझ्या मते हेच आहे, आणि वेळ कमी पडला तर बाकी काहीही कापावे, पण हे राहू द्यावे.

शुल्क सांगावे की नाही, यावर मालक नेहमी अडतात. ‘किमतीसाठी संपर्क करा’ असे लिहिले, तर धीट माणूस फोन करतो. बिचकणारा करत नाही, कारण एकदा फोन केला की मागे लागतील, अशी त्याला धास्ती असते. म्हणून आकडा सांगावा, आणि तोही एका महिन्याचा. प्रवेशशुल्क वेगळे असेल, तर तेही त्याच पडद्यावर लिहावे. ‘पहिला आठवडा मोफत’ असे म्हणायचे असेल, तर त्यासाठी आधी वार्षिक सदस्यत्व घ्यावे लागण्याची मेख नसावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ‘मोफत’ या दाव्याचा स्वतंत्र विचार केलेला आहे. तसेच गावातल्या एखाद्या लोकप्रिय व्यक्तीला पैसे किंवा फुकट सदस्यत्व देऊन रीलमध्ये घेतले असेल, तर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे लागते.

कॅमेरा कोणाच्या डोळ्यांच्या जागी असावा, तेही संहितेतच लिहावे

नवखा माणूस ट्रेडमिलवर चालतो आहे आणि कॅमेरा खोलीच्या दुसऱ्या टोकाहून त्याच्याकडे पाहतो आहे, असे दृश्य घेतले, की ज्या नजरेची त्याला भीती वाटते, तीच नजर आपण प्रेक्षकाला देतो. म्हणून कॅमेरा नवख्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. दार, टेबल, बटण, पिन, कार्ड हे सर्व त्याला जसे दिसेल तसेच दिसावे, आणि ट्रेनरने कॅमेऱ्याकडे पाहून बोलावे. जिममधील आरसे येथे फार त्रास देतात. चित्रीकरण करणारा त्यांत दिसतोच, शिवाय ज्यांनी संमती दिलेली नाही असे सदस्यही दिसतात. दुपारच्या मोकळ्या वेळेत, संमती दिलेल्या दोन-तीन सदस्यांसह काम उरकावे, पण खोली अगदी रिकामी ठेवू नये, कारण पूर्ण रिकामी जिम बंद पडल्यासारखी दिसते. त्या दोन-तीन जणांमध्ये पिळदार शरीराचे तरुणच असू नयेत, हे वेगळे सांगायला नको, तरी तशी निवड वारंवार होताना दिसते.

रील पाहणाऱ्याला आणखी एक शंका येते, आणि ती रीलमुळेच येते : मी गेलो तर माझेही चित्रीकरण करून टाकतील का? म्हणून रीलखालच्या मजकुरात ‘सदस्यांचे चित्रीकरण त्यांना विचारल्याशिवाय होत नाही’ असे एक वाक्य घालावे आणि ते जिममध्ये पाळावे.

बरेच लोक आवाज बंद ठेवून रील पाहतात, त्यामुळे निवेदनातील प्रत्येक वाक्य पडद्यावरही यावे. चौकट उभी, 9:16 प्रमाणातील असते. तळाशी मजकूर आणि उजवीकडे बटणे येत असल्याने अक्षरे मध्यभागाच्या जरा वर ठेवावीत. प्लेट आदळण्याचा आवाज पूर्ण काढून टाकावा. पंख्याची घरघर राहिली तर बिघडत नाही.

शेवटची कृती खासगी असावी

‘कमेंटमध्ये “हो” लिहा’ ही सूचना येथे अगदी उलटी पडते. जिमला जाण्याचा विचार अजून घरीही न सांगितलेला माणूस शेजाऱ्यांना आणि ऑफिसातल्या लोकांना दिसेल असे काहीही लिहिणार नाही. व्हॉट्सॲपवर दोन शब्द पाठवणे त्याला जमते, आणि ते दोन शब्दही आपणच ठरवून दिलेले असले, की सुरुवात कशी करावी हा प्रश्न उरत नाही. उत्तर कोण देणार आणि काय देणार, तेही रील टाकण्याआधी ठरवावे. ‘नमस्कार, मी रीलमधली ट्रेनर. दुपारी बारा ते चारमध्ये कधी यायला जमेल?’ एवढे पुरे. त्या उत्तरात वार्षिक योजनांचा तक्ता चिकटवला, तर बहुधा पुढचा संदेश येणार नाही.

रील चालली की नाही, हे लाइकवरून ठरवू नये. लाइक प्रामुख्याने जुने सदस्य आणि इतर ट्रेनर देतात. किती जणांनी ती जतन केली, किती जणांनी दुसऱ्याला पाठवली आणि ‘पहिला दिवस’ असे किती संदेश आले, हे पाहावे. संदेशांतील प्रश्नही वाचावेत. ‘तुमच्याकडे डंबेल किती किलोपर्यंत आहेत?’ असे प्रश्न येत असतील, तर रील जुन्या खेळाडूंपर्यंत गेली आहे आणि पहिली तीन सेकंदे बदलायला हवीत. ‘गुडघ्याला पट्टा बांधून आले तर चालेल का?’ असे विचारले जात असेल, तर ती योग्य माणसापर्यंत पोहोचली आहे, आणि पुढच्या रीलचे पहिले वाक्य त्या प्रश्नावरूनच लिहावे.