उड्यांचा क्लास स्क्वॉटच्याच दिवशी घ्या

ग्रुप क्लासला आपण 'कार्डिओ' म्हणतो आणि स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी बिनधास्त टाकतो. पण त्यात लंज आणि जंप स्क्वॉट असतील, तर तो पायांचाच व्यायाम आहे. तसाच मोजा.

समजा, तुमचा आठवडा असा आहे: सोमवारी स्क्वॉट, मंगळवारी उड्यांचा क्लास, गुरुवारी डेडलिफ्ट, शुक्रवारी सायकलिंगचा क्लास. म्हणजे पायांना चार दिवस काम. मंगळवारचा क्लास सोमवारीच घ्या, शुक्रवारचा गुरुवारी. आता मंगळवार-बुधवार मोकळे, आणि शुक्रवार ते रविवारही. दिवस जड होतो हे खरं, म्हणून स्क्वॉटचे चार सेट असतील तर तीनच करा. वजनं मात्र आधी, क्लास नंतर. थकलेल्या पायांनी बार खांद्यावर घेतला की खालून उठताना धड पुढे झुकतं आणि भार कमरेवर येतो.

वेळ जुळतच नसेल, तर स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी सायकलिंग घ्या, उड्या नकोत. उडी मारून खाली येताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, आणि पाय दुखतात ते मुख्यतः त्यामुळे. पेडल मारताना तसं फारसं होत नाही. तरी रेझिस्टन्स हलकाच ठेवा.

नुसत्या दुखण्यावरून अंदाज बांधू नका, वही पाहा. ६० किलोचे पाच रेप्स निघत होते आणि सलग दोन आठवडे तिसऱ्यालाच अडकताय, झोप-जेवण तर नेहमीसारखंच आहे? मग क्लासमधल्या उड्यांऐवजी साधे स्टेप-अप करा. प्रशिक्षकाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो मध्येच जोर करायला लावणार नाही.