लयीचे तीन गुण आणि माझी चूक

इंदूरमधल्या एका शालेय काव्यस्पर्धेत मी पहिल्यांदा परीक्षक होते. प्रतिमा, लय, नावीन्य, प्रत्येकी 10 गुण. सातवीतल्या एका मुलीची राजवाड्यावरची कविता होती. तिची सुरुवात:

वाड्याच्या पायरीवर
ऊन बसे घडीभर

मी मात्रा मोजल्या. पहिल्या ओळीत 13, दुसरीत 11. लयीला 3 गुण दिले, शेरा लिहिला, "लय बिघडली आहे, सराव करावा." तक्ता जमा झाल्यावर शेजारच्या परीक्षक काकूंनी ती ओळ बोटांवर मोजली: वा, ड्या, च्या, पा, य, री, व, र. आठ! दुसरीही आठ. मुलीने अष्टाक्षरी लिहिली होती. तिचा नंबर गेला, आणि ते मला अजून लागतं.

म्हणून हे नीट समजून घ्या. मात्रावृत्तात ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अष्टाक्षरीत तसं नाही. तिथे प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ मिळतो, म्हणून नुसती अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. 'ऊन' आपण बोलताना एका दमात म्हणतो, पण मोजताना ती दोन अक्षरं. आधी तीन-चार ओळींची अक्षरं मोजा. आकडा सारखा येत असेल तर मात्रांकडे वळूच नका. दोन्ही मोजण्या जुळल्या नाहीत तरी लगेच गुण कापू नका, मुक्तछंद असू शकतो. कविता मोठ्याने वाचा. मनात वाचून लयीचे गुण देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. 'सगळ्यांना सरसकट सात द्या' हा सल्ला तर मुळीच ऐकू नका, त्याने चांगली कविता मागे राहते.

त्या कवितेत खरी अडचण एकच होती, पाचवी ओळ: 'कबुतरांची गडबड'. नऊ अक्षरं. याचा एखादा गुण कापणं योग्य, सात नव्हे.

प्रतिमा आणि नावीन्य मला तुलनेने सोपं जातं. कबुतरं आणि राजवाडा इथल्या पुष्कळ मुलांच्या कवितेत येतात, त्यामुळे विषयाला नावीन्याचे गुण देऊ नका. ऊन थकल्या माणसासारखं पायरीवर टेकतं, हे मात्र तिने स्वतः पाहिलेलं आहे. आपल्याकडच्या मुलांच्या मराठीत 'जिलबी'ची 'जलेबी' होते, त्याचे गुण प्रतिमेतून कापायचे नाहीत.

शेरा लिहायला घाबरू नका, तीन-चार वाक्यं पुरतात. फक्त मुलाची ओळ स्वतः दुरुस्त करून देऊ नका. आज मी तिला असं लिहीन: "ऊन पायरीवर बसलेलं मला दिसलं. अष्टाक्षरी छान सांभाळली आहेस. पाचवी ओळ टाळी देत म्हणून बघ, एक अक्षर जास्त आहे. 'गडबड'साठी तीन अक्षरांचा शब्द सापडतो का?"

'धांदल' तिला नक्की सापडला असता.