अवरला 'ॲन', युनिव्हर्सिटीला 'अ'

परळच्या मराठी शाळेत आमच्याकडून नियम घोकून घेतला होता: ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांआधी 'ॲन', बाकी सगळ्यांआधी 'अ'. दहावीपर्यंत तेवढ्यावर भागलं. पुढे फोर्टमधल्या एका छोट्या ऑफिसात इंग्रजी पत्रांचे मसुदे करायची नोकरी लागली आणि पहिलंच शिफारसपत्र लाल पेनाच्या तीन गोलांसकट परत आलं. मी लिहिलं होतं 'अ ऑनेस्ट वर्कर', 'ॲन युनिव्हर्सिटी डिग्री' आणि 'अ अवर'. नियमाप्रमाणे तिन्ही बरोबर, आणि तिन्ही चूक.

आमच्या मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे तीन शब्द देवनागरीत लिही बघू." मी लिहिले: ऑनेस्ट, युनिव्हर्सिटी, अवर. "आता पहिलं अक्षर स्वर आहे की व्यंजन?" ऑ स्वर, य व्यंजन, अ स्वर. म्हणजे ॲन ऑनेस्ट वर्कर, अ युनिव्हर्सिटी डिग्री, ॲन अवर. शाळेतला नियम स्पेलिंगवर बेतलेला होता, आणि इंग्रजी निवड करते ती कानावर. आपली लिपी जवळजवळ उच्चारच लिहिते, त्यामुळे मराठी माध्यमवाल्याच्या हातात ही चाचणी आयतीच असते. इतकी वर्षं ती मला कोणी सांगितली कशी नाही, याचं अजून नवल वाटतं.

एचचा घोळ का, तेही नंतर कळलं. ऑनेस्ट, ऑनर, अवर, एअर (म्हणजे वारस) हे शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आले आणि त्यांच्यातला एच मुका राहिला. हाउस, हँड हे मूळचे इंग्रजी, तिथे ह स्वच्छ ऐकू येतो, म्हणून अ हाउस. युनिव्हर्सिटीच्या बाबतीत तर जुने इंग्रजी लिहिणारेही आपल्यासारखेच चुकलेत म्हणावं लागेल: १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत 'ॲन युनिफॉर्म रूल' असं छापलेलं आहे. तेव्हा तशी रीत होती. आज तसं लिहिलंत तर गोल पडणारच.

मी मग अतिहुशारी केली. स्पेलिंग यू-एन-आयने सुरू झालं की 'अ', असा स्वतःचा नियम बनवला. युनिट, युनियन, युनिफॉर्म, सगळीकडे चालला. एक दिवस 'अ अनइम्पॉर्टंट डिटेल' लिहून बसलो. स्पेलिंग यू-एन-आयच, पण उच्चार 'अन', म्हणून ॲन. तेव्हापासून स्पेलिंगवरून नियम करणं सोडलं. ओचंही तसंच: 'अ वन-वे तिकीट', कारण बोलताना व येतो.

आणखी एक. चाचणी लागते ती लगेच पुढच्या शब्दाला, नामाला नाही. ॲन ऑनेस्ट मॅन, पण मध्ये 'व्हेरी' घातलं की अ व्हेरी ऑनेस्ट मॅन. अ युनिव्हर्सिटी, पण ॲन ओल्ड युनिव्हर्सिटी. आकडे आणि आद्याक्षरंसुद्धा वाचून पाहायची. ८.११ची लोकल 'एट'ने सुरू होते म्हणून ॲन, ९.०२ची 'नाइन'ने म्हणून अ. ॲन एमबीए, ॲन एचआर मॅनेजर, ॲन एफआयआर, पण अ यूपीएससी कँडिडेट.

ही चाचणी फसते ती आपला उच्चारच चुकीचा असला की. मी बरीच वर्षं वारसाच्या शब्दाला 'हेअर' म्हणायचो, त्यामुळे देवनागरीत ह लिहून बिनदिक्कत 'अ' लावायचो. शंका आली की डिक्शनरीत शब्दापुढचा उच्चार बघतो. तिथे युनिव्हर्सिटीपुढे जेसारखी खूण दिसते, तो ज नव्हे, य. हे माहीत नसलं तर माणूस आणखीच गोंधळतो. हर्बसारख्या शब्दाला तर दोन्ही उत्तरं आहेत: ब्रिटिश माणूस ह उच्चारतो आणि अ हर्ब लिहितो, अमेरिकन तो गिळतो आणि ॲन लिहितो. पत्र कुणाला जातंय ते बघायचं.

सगळ्यात मजेशीर गोल पडला तो एका प्रवासखर्चाच्या पत्रात. 'अ एसटी बस' असं मी लिहिलं होतं. मॅडमनी विचारलं, "इथे एस स्वराने सुरू होत नाही का?" होतो. पण माझं आजोळ साताऱ्याकडचं, तिथे सगळे यष्टी म्हणतात. चाचणी लावताना माझ्या कानात आजीचा य वाजत होता.