अवकलजाच्या चिन्हावरून असमता सिद्ध करताना या चुका टाळा

e^x ≥ 1 + x ही असमता x च्या प्रत्येक वास्तव किमतीसाठी खरी आहे आणि तिची सिद्धता चार ओळींत मावते. उजवी बाजू डावीकडे नेऊन f(x) = e^x − 1 − x असे फलन घ्यावे. त्याचा अवकलज f′(x) = e^x − 1 हा x < 0 असताना ऋण आणि x > 0 असताना धन असतो, म्हणून f हे फलन शून्याच्या डावीकडे घटत येते आणि उजवीकडे वाढत जाते. याचा अर्थ f ची सर्वांत लहान किंमत x = 0 येथे मिळते, आणि ती f(0) = 1 − 1 − 0 = 0 आहे. म्हणून सर्वत्र f(x) ≥ 0, आणि समानता केवळ x = 0 येथेच.

या चार ओळींपैकी प्रत्येक ओळीला काम आहे. यांपैकी एखादी ओळ गळली की सिद्धता वरवर तशीच दिसते, पण तिच्यातून खोट्या असमताही सिद्ध होऊ लागतात. पुढे दाखवलेल्या बहुतेक चुका अशा गळलेल्या ओळीच्याच आहेत.

सर्वांत सहज होणारी चूक म्हणजे असमतेच्या दोन्ही बाजूंचे अवकलन करणे. समीकरण सर्वत्र खरे असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे अवकलन करता येते, म्हणून असमतेलाही तो नियम लागू असेल असे वाटते. तसे करून पाहिले तर e^x ≥ 1 + x यातून e^x ≥ 1 मिळते, आणि ते x = −1 येथे उघडच खोटे आहे, कारण e^(−1) ची किंमत सुमारे 0.368 आहे. एक फलन दुसऱ्यापेक्षा मोठे असले म्हणून ते दुसऱ्यापेक्षा वेगाने वाढत असेलच असे नाही. उलट दिशेने, म्हणजे अवकलजांच्या तुलनेवरून मूळ फलनांची तुलना करता येते, परंतु त्यासाठी दोन्ही फलने एखाद्या ठिकाणी कशी उभी आहेत हे आधी माहीत असावे लागते.

नेमके हेच माहीत करून घेण्याचे विसरले जाते. अवकलजाचे चिन्ह फलन वर जात आहे की खाली हे सांगते, ते किती उंचीवर आहे हे सांगत नाही. ज्या उत्तरात f(0) ची किंमत काढलेली नाही, ते उत्तर तपासण्याचा एक खात्रीचा उपाय आहे. f च्या जागी k(x) = e^x − 2 − x घ्यावे. याचा अवकलजही e^x − 1 च आहे, हेही शून्यापर्यंत घटते आणि पुढे वाढते, म्हणून f(0) ची ओळ नसलेली ती सिद्धता e^x ≥ 2 + x या विधानालाही शब्दशः लागू पडेल. पण k(0) = −1 असल्यामुळे ते विधान x = 0 येथेच कोसळते. आपल्या सिद्धतेत एखादा स्थिरांक बदलूनही तिची एकही ओळ अडत नसेल, तर तिच्यात सुरुवातीच्या किमतीचा उपयोग झालेलाच नाही.

आता ज्या चुकीवर थोडे थांबणे आवश्यक आहे ती पाहू. e^x ≥ 1 + x सिद्ध झाल्यावर पुढचा प्रश्न साहजिकच e^x ≥ 1 + x + x²/2 याचा असतो. पुन्हा फरक घेऊन f(x) = e^x − 1 − x − x²/2 लिहावे. त्याचा अवकलज e^x − 1 − x आहे, आणि तो कधीच ऋण नसतो हे आपण आत्ताच सिद्ध केले आहे. f(0) = 0 हेही आहे. येथे अनेक जण लिहितात की फलन वाढते आहे आणि शून्यापाशी शून्य आहे, म्हणून f(x) ≥ 0 सर्वत्र. हा निष्कर्ष अर्ध्या रेषेवर खोटा आहे. वाढत्या फलनाची शून्याच्या उजवीकडील किंमत f(0) पेक्षा मोठी असते, आणि म्हणूनच डावीकडील किंमत f(0) पेक्षा लहान असते. x = −1 ठेवून पाहावे. e^(−1) सुमारे 0.368 आहे, तर 1 − 1 + 1/2 म्हणजे 0.5. असमता येथे उलटली आहे, आणि ती केवळ एखाद्या बिंदूपाशी नव्हे, तर प्रत्येक ऋण x साठी उलटते. खरे विधान असे की x ≥ 0 असताना e^x ≥ 1 + x + x²/2, आणि x ≤ 0 असताना e^x ≤ 1 + x + x²/2.

मूळ उदाहरणात अवकलजाचे चिन्ह शून्यापाशी ऋणाचे धन होत होते, म्हणून शून्य हे तळाचे ठिकाण होते. येथे चिन्ह दोन्ही बाजूंना धनच राहते, म्हणून आलेख शून्यापाशी क्षणभर सपाट होऊन अक्ष ओलांडून वर जातो. उजवीकडे आणखी एक पद जोडून x³/6 घेतले तर नव्या फरकाचा अवकलज हा आत्ताचा f असतो, आणि तो शून्यापाशी चिन्ह बदलतो. परिणामी e^x ≥ 1 + x + x²/2 + x³/6 ही असमता पुन्हा सर्व x साठी खरी ठरते. x = −1 येथे उजवी बाजू सुमारे 0.333 होते, ती 0.368 पेक्षा लहान आहे. प्रत्येक पायरीवर शून्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या लिहिण्याची सवय लावली, तर ही चूक होत नाही.

चिन्हांचा कोष्टक न करता दुसऱ्या अवकलजाचा आधार घेण्याची पद्धतही सर्रास दिसते. मूळ f(x) = e^x − 1 − x साठी f′(0) = 0 आणि f″(0) = 1 > 0, म्हणून शून्यापाशी किमान मूल्य, म्हणून f(x) ≥ 0, असा तो युक्तिवाद असतो. यातून मिळते ते केवळ स्थानिक किमान मूल्य, म्हणजे शून्याच्या आसपासच्या एखाद्या लहान अंतरालातील माहिती. g(x) = x³ − 3x + 2 या बहुपदीसाठी g(1) = 0, g′(1) = 0 आणि g″(1) = 6 आहे, तरीही g(−3) = −27 + 9 + 2 = −16. दुसरा अवकलज वापरायचाच असेल तर तो एका बिंदूपाशी नव्हे, सर्वत्र तपासावा. आपल्या उदाहरणात f″(x) = e^x प्रत्येक x साठी धन आहे, म्हणून f′ सर्वत्र वाढते, आणि f′(0) = 0 असल्याने त्याचे चिन्ह डावीकडे ऋण व उजवीकडे धन ठरते. एवढे लिहिले की युक्तिवाद पूर्ण होतो.

कधी कधी अडचण वेगळीच असते. फलन बरोबर घेतलेले असते, पण अवकलजाचे चिन्ह कळत नाही, आणि मग दोन-तीन किमती ठेवून ते धन आहे असे लिहून टाकले जाते. अशा वेळी फरक कोणत्या रूपात घेतला हे पुन्हा पाहावे. x ≥ 0 साठी ln(1 + x) ≥ 2x/(2 + x) सिद्ध करायचे आहे असे समजू. (2 + x) ने गुणून (2 + x) ln(1 + x) − 2x घेतले तर अवकलजात ln(1 + x) उरतो आणि चिन्ह ठरवण्यासाठी पुन्हा अवकलन करावे लागते. त्याऐवजी ln(1 + x) एकटा ठेवून h(x) = ln(1 + x) − 2x/(2 + x) घेतले तर

h′(x) = 1/(1 + x) − 4/(2 + x)² = x² / ((1 + x)(2 + x)²)

असे मिळते, कारण (2 + x)² − 4(1 + x) = x². अंश वर्ग आहे आणि छेद धन आहे, म्हणून चिन्ह समोर दिसते. h(0) = 0 असल्याने असमता सिद्ध होते. लॉगॅरिथम एकटा ठेवावा, तो एका अवकलनात नाहीसा होतो. e^x असेल तर उलट e^(−x) ने गुणावे. (1 + x + x²/2) e^(−x) याचा अवकलज −(x²/2) e^(−x) इतका येतो, तो कधीच धन नसतो, आणि शून्यापाशी या फलनाची किंमत 1 आहे. मघाची दोन्ही बाजूंची असमता त्यामुळे एका पायरीत मिळते. माझ्या मते चिन्हांशी झगडण्यापेक्षा रूप बदलण्यावर दिलेली दोन मिनिटे अधिक फळतात.

वरच्या h′ मध्ये (1 + x) धन आहे असे म्हणताना आपण x > −1 हे गृहीत धरले, आणि ते धरण्याचा अधिकार आपल्याला आहे, कारण ln(1 + x) तेथेच अस्तित्वात आहे. ही अट प्रथमच लिहावी. अवकलजाचे सूत्र मूळ फलनाच्या बाहेरही अर्थपूर्ण दिसू शकते, जसे x − ln(1 + x) चा अवकलज x/(1 + x) हा x = −2 येथे 2 आहे, पण तेथे फलनच नाही. तसेच चिन्हावरून वाढ-घट ठरवणारा नियम लाग्रांज यांच्या मध्यमान प्रमेयातून येतो, आणि ते प्रमेय एका अखंड अंतरालावर चालते. 1/x चा अवकलज जेथे आहे तेथे सर्वत्र ऋण आहे, तरी −1 पासून 1 पर्यंत जाताना त्याची किंमत −1 वरून 1 वर चढते, कारण मध्ये शून्यापाशी अंतराल तुटलेले आहे.

समानता कोठे येते हे न लिहिणे ही लहान चूक समजली जाते, पण उपयोगाच्या वेळी तीच आडवी येते. e^x ≥ 1 + x यात x = (π/e) − 1 ठेवले तर e^((π/e) − 1) ≥ π/e, म्हणजेच e^(π/e) ≥ π मिळते, आणि दोन्ही बाजूंचा e वा घात घेतला की e^π ≥ π^e. प्रश्नात मात्र काटेकोर मोठेपणा मागितलेला असतो. तो मिळतो, कारण समानता केवळ x = 0 येथे आहे आणि π व e वेगळे असल्याने आपला x शून्य नाही. f′(0) = 0 आहे म्हणून काटेकोरपणा जातो, ही भीती अनाठायी आहे. f शून्यापाशी संतत आहे आणि x > 0 साठी f′(x) > 0 आहे, एवढ्यावरून [0, ∞) वर ते काटेकोरपणे वाढते.

शेवटची चूक पदवीच्या पहिल्या वर्षापासून महत्त्वाची ठरते, आणि ती हिशेबात दिसत नाही. e^x चा अवकलज e^x आहे हे आपण कशावरून म्हणतो? काही मांडण्यांत h शून्याकडे जाताना (e^h − 1)/h ची सीमा 1 आहे हे दाखवण्यासाठी 0 < h < 1 असताना 1 + h ≤ e^h ≤ 1/(1 − h) या असमता वापरतात. त्या मांडणीत वरची सिद्धता दिली तर जे सिद्ध करायचे तेच आधी वापरले जाते. e^x ची व्याख्या घातमालेने केली असेल, किंवा 1/t च्या समाकलातून ln आणि त्याचे व्यस्त फलन म्हणून केली असेल, तर अवकलज स्वतंत्रपणे मिळतो आणि काही अडचण येत नाही. व्याख्या (1 + x/n)^n ची सीमा अशी असेल, तर n > −x असताना बर्नुली असमतेवरून (1 + x/n)^n ≥ 1 + x मिळते, आणि सीमा घेतली की अवकलज न वापरताच असमता हाती येते. sin x ≤ x बाबतही असेच आहे. sin चा अवकलज काढताना क्षेत्रफळांच्या तुलनेतून sin h < h < tan h सहसा आधीच वापरलेले असते, म्हणून तेथे वर्तुळाच्या आकृतीवरूनच सिद्धता द्यावी, आणि अवकलजाचा मार्ग x ≥ 0 साठी sin x ≥ x − x³/6 यासारख्या पुढच्या असमतांसाठी ठेवावा.