मैदानाच्या अर्जात ‘दर शनिवारी’ एवढंच लिहू नका

शाळेच्या खो-खो सरावासाठी गावच्या मैदानाची परवानगी मागणारा आमचा अर्ज दोनदा पडून राहिला. तिसऱ्यांदा वेगळा लिहिला, तेव्हा पुढच्याच मासिक सभेत विषय आला.

1. आधी तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन सातबारा काढा. जागा ग्रामपंचायतीची असेल तर अर्ज सरपंचांच्या नावे, नगरपालिकेची असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या. चुकीच्या नावाचा अर्ज कुणी पुढे सरकवत नाही.

2. विषयाच्या ओळीतच दिवस, वेळ आणि मुदत येऊ द्या: ‘जुलै ते नोव्हेंबर, दर शनिवारी सकाळी 7 ते 9, खो-खो सरावासाठी मैदान मिळणेबाबत’.

3. मागे तारखांची यादी जोडा. आठवडे बाजार, यात्रा, लग्नाचे मांडव यांच्या तारखा आपणच वगळा. खरा अडसर तिथेच असतो. आमच्याकडे दादर ज्वारी निघाली की मळणीही मैदानावरच, म्हणून आम्ही फेब्रुवारी-मार्च मागितलाच नाही.

4. मुलांची संख्या, हजर राहणाऱ्या शिक्षकांचं नाव आणि मोबाईल, ‘मैदान झाडून परत देऊ’ हे एक वाक्य, खाली मुख्याध्यापकांची सही-शिक्का.

5. दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेची पोच घ्या.

सरपंच भाऊ ‘खेळा ना मास्तर’ म्हणाले तरी तेवढ्यावर थांबू नका. ठरावाची नक्कल मागून घ्या. मांडववाला आला की तीच दाखवता येते.