पाळीचं कॅलेंडर बघून व्यायाम ठरवताय? आधी या चुका टाळा

नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्या मुलींच्या फोनमध्ये हल्ली एक रंगीत तक्ता हमखास सापडतो. पहिला आठवडा पाळीचा, म्हणून आराम. दुसरा ताकदीचा. तिसऱ्याच्या सुरुवातीला ‘सर्वोच्च ऊर्जा’, तेव्हा जास्तीत जास्त वजन उचला. त्यानंतर थेट पुढच्या पाळीपर्यंत स्ट्रेचिंग आणि चालणं. तक्ता देखणा असतो, पण तो ज्या बाईसाठी काढलाय ती दर अठ्ठावीस दिवसांनी अगदी वेळेवर पाळी येणारी, चौदाव्या दिवशी बीज सोडणारी आणि कधीच रात्री जागरण न करणारी असते. अशी बाई मला अजून भेटलेली नाही.

शिकायला आलेल्या एकीचं उदाहरण सांगते, कारण यात हा सगळा घोळ एका जागी दिसतो. तिचं चक्र साधारण ३३ दिवसांचं. यात वावगं काही नाही, प्रौढ स्त्रीचं चक्र २१ ते ३५ दिवसांत कुठेही बसू शकतं. तक्रार अशी की तीन चक्रं झाली तरी स्क्वॉटचं वजन ४० किलोवरून हलत नव्हतं. ‘माझे हार्मोन्सच बिघडलेत’ हे निदान तिने स्वतःच करून टाकलं होतं. मी तिची वही मागितली आणि आम्ही दिवस मोजले.

तक्त्यानुसार दिवस १ ते ५ आराम. ६ ते १६ जोरदार व्यायाम. १७ पासून हलकंफुलकं. तक्ता २८ व्या दिवशी संपतो, तिची पाळी मात्र त्यानंतर पाच दिवसांनी यायची. ते पाच दिवस अ‍ॅप ‘पाळी लांबली’ असं दाखवायचं, म्हणून तेही आरामातच जायचे. म्हणजे ३३ दिवसांतले जोराचे दिवस अकरा. आठवड्याला तीन वेळा येणाऱ्या मुलीला त्या अकरा दिवसांत चार-पाच वेळाच वजनाखाली उभं राहायला मिळायचं, एरवी तेवढ्या काळात चौदा वेळा मिळालं असतं. महिन्यातून चार-पाच स्क्वॉटच्या दिवसांवर कुणाचंच वजन वाढत नाही. त्यात हार्मोन्सचा काय दोष?

दुसरी गंमत तर अजून पुढे आहे. चक्र लांबतं ते बहुतेक वेळा पहिल्या भागात. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ त्या मानाने स्थिर असतो, साधारण दोन आठवड्यांचा. मग ३३ मधून १४ वजा करा. तिचं बीज सुटत असणार एकोणिसाव्या दिवसाच्या आसपास. तक्ता तिला ज्या दिवशी ‘आता हळू घ्या’ म्हणत होता, त्या दिवशी ती अजून चक्राच्या पहिल्याच भागात होती. वहीत तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘१८ वा दिवस, मस्त वाटतंय, पण तक्त्यात योग आहे.’ यावर काय बोलणार! आणि लक्षात ठेवा, अ‍ॅपला बीज सुटलेलं दिसत नाही. तुम्ही फक्त तारखा भरत असाल तर ते मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं, एवढंच.

आता कुणी म्हणेल, मग पाळीचा आणि ऊर्जेचा काही संबंधच नाही का? आहे. पण तो तक्त्यातल्या रंगांइतका कोरीव नाही. पाळीचे पहिले एक-दोन दिवस अनेकींना जड जातात, कारण गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांनी गर्भाशय आवळलं जातं, कळा येतात, कुणाला जुलाब होतात, कंबर धरते, रात्री झोप लागत नाही. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि शरीराचं तापमान सकाळी उठताना ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर राहतं. विश्रांतीतला नाडीचा ठोकाही थोडा वाढतो. म्हणून पाळीआधीच्या आठवड्यात उकाड्यात धावताना नेहमीचाच वेग जास्त अंगावर येतो. झोप उडत असेल, चिडचिड होत असेल, तर त्याचा थकवा वेगळा.

पण यातून ‘या आठवड्यात ताकद कमीच असते’ असं निघत नाही. २०२० साली या विषयावरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी सरासरीने किंचित कमी दिसली, पण फरक इतका लहान आणि अभ्यासांचा दर्जा इतका कमी-जास्त, की सगळ्यांना एकच नियम लावू नका, जिचं तिचं बघा, असंच त्यांनीही सांगितलं.

माझी पद्धत अगदी साधी आहे आणि ती मी कुणासाठी बदलत नाही. आठवड्याचं वेळापत्रक कायम ठेवायचं. सोमवारी स्क्वॉट असेल तर तारीख काहीही असो, सोमवारी स्क्वॉटच. यायचं, दहा मिनिटं वॉर्म-अप करायचा, ठरलेल्या वजनाचा पहिला सेट मारायचा आणि मग स्वतःला विचारायचं की दहापैकी किती कष्ट पडले. एरवी सात वाटणारा सेट आज सात किंवा आठ वाटला, तर पूर्ण व्यायाम. नऊ वाटला, तर वजन तेच ठेवून सेट निम्मे करायचे. तरीही रेटत नसेल तर वजन दहा टक्क्यांनी उतरवायचं. मी आधी सेट कमी करते, वजन नंतर, कारण एकदा वजन उतरवलं की नव्या मुली ते परत चढवायला घाबरतात. यामागे शास्त्र कमी आणि सवय जास्त आहे, हे मान्य.

धावणारीसाठी हाच नियम बोलण्याच्या कसोटीवर. सोपं धावणं म्हणजे पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे. पाळीआधीच्या आठवड्यात त्यासाठी वेग कमी करावा लागला तर करायचा, घड्याळाशी भांडायचं नाही. उकाडा असेल तर लवकर निघा.

वहीत चार गोष्टी लिहा: चक्राचा कितवा दिवस, झोप कशी झाली, दुखणं किती, आणि सेटला दहापैकी किती कष्ट. दोन-तीन चक्रं तरी. दहा दिवस नोंदी करून ‘माझा पॅटर्न सापडला’ म्हणत येणाऱ्यांना मी परत पाठवते. तीन चक्रांत तोच दिवस तसाच जड गेला, तर तेवढ्या दिवसापुरता बदल करा. अवघड शर्यतीची तयारी किंवा कमाल वजनाची चाचणी त्या दिवशी ठेवू नका, बस.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते ती म्हणजे प्रत्येक थकवा पाळीच्या खात्यात टाकणं.

एक धावणारी बाई माझ्याकडे ‘पाळीनुसार प्लॅन’ मागायला आली. तिच्या नोंदी बघितल्या तर पाळीत दमलेली, पाळीनंतर दमलेली, मधल्या दिवसांतही दमलेली. नेहमीच्या सोप्या वेगालाही धाप लागत होती, जिना चढताना छातीत धडधड. पाळी किती दिवस, असं विचारलं तर म्हणाली आठ-नऊ, आणि पहिले दोन दिवस दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं. ‘आमच्या घरात सगळ्यांनाच असं जातं’ असं वर. चक्रामुळे येणारा थकवा येतो आणि जातो, पाळी सुरू झाली की बहुतेकींचा दोन-तीन दिवसांत उतरतो. जो महिनाभर मुक्कामाला असतो, त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. मी प्लॅन दिला नाही, डॉक्टरांकडे पाठवलं.

तिचं हिमोग्लोबिन १२.१ निघालं. गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, म्हणजे कागदावर ती पास. पण डॉक्टरांनी फेरिटिनही तपासायला सांगितलं होतं, ते आलं ९. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे प्रौढ निरोगी व्यक्तीत ते १५ च्या खाली असणं म्हणजे लोहाची कमतरता. साठा आधी आटतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून ‘सगळं नॉर्मल’ म्हणत घरी येऊ नका. ताप किंवा संसर्ग असताना मात्र फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं झाल्यावर तपासा. तिला लोहाचे उपचार सुरू झाले, जास्त रक्तस्राव का होतोय याची तपासणी झाली, आणि काही महिन्यांनी धावण्याच्या नोंदी सुधारल्या. आणि हो, तपासणी न करता मैत्रिणीच्या लोहाच्या गोळ्या सुरू करणाऱ्यांनी माझ्याशी बोलूच नये.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पाळीत व्यायाम केला की त्रास वाढतो, हा समज सोडा. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात आठवड्याला तीन किंवा जास्त वेळा, ४५ ते ६० मिनिटं नियमित व्यायाम करणाऱ्यांना पाळीतल्या वेदना कमी झालेल्या दिसल्या, मग व्यायाम सौम्य असो की जोराचा. पण वर्षभर काही न करता कळा सुरू झाल्यावर चटई अंथरली, तर त्याच दिवशी चमत्कार व्हायचा नाही. आणि कळांनी वाकायची वेळ आली असेल तर खुशाल झोपा, त्याला आळस म्हणत नाहीत.

गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर टप्प्यांचे तक्ते तुम्हाला लागूच होत नाहीत. संयुक्त गोळ्यांनी बीज सुटणं थांबतं आणि गोळ्यांच्या खंडात येणारा रक्तस्राव ही नैसर्गिक पाळी नसते.

पाळीआधी वजनकाट्यावर दिसणारा एखादा किलो बहुतेक पाण्याचा असतो. त्यासाठी जेवण तोडू नका.

जेवण तोडण्यावरून शेवटची आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. व्यायाम वाढवला, खाणं कमी केलं, पाळी थांबली, आणि मुलगी खूश, ‘बरं झालं, कटकट गेली.’ ही फिटनेस नाही. व्यायामाला लागलेली ऊर्जा वजा जाता शरीराला चालायला पुरेसं उरत नाही, तेव्हा ते आधी प्रजननाचं काम बंद करतं. इस्ट्रोजेन घसरतं, हाडं विरळ होतात, आणि मग धावताना नडगीत किंवा पावलात बारीक फ्रॅक्चर. गोळ्या घेत नसताना, गरोदर नसताना, नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही, की स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. तोवर व्यायामाचे तास उतरवायचे आणि जेवण वाढवायचं. पॅड सलग काही तास दर तासाला भिजत असेल, चक्कर येत असेल, तर मात्र तीन महिने काय, दुसऱ्या दिवसाचीही वाट बघायची नाही.